मुळाशी ओल

आजीच्या घरी आज कुणाचं न्हाणं आहे, हे ओसरीवर पाय ठेवताच कळायचं. आधी बंबाचा धूर, मग उकळत्या शिकेकाईचा आंबूस, मातकट वास. शिकेकाई, रिठा, आवळकाठी, थोडा नागरमोथा असं सगळं रात्रीच लोखंडी कढईत भिजत पडलेलं असायचं. न्हाऊन आलेल्या बाईला आजी मागच्या अंगणात उन्हाकडे पाठ करून पाटावर बसवायची. पंच्यानं केस टिपायची, झटकायची आणि शेवटी मानेजवळ दोन बोटं केसांत खुपसून म्हणायची, "वरून वाळलेत गं. मुळाशी ओल आहे अजून." पावसाळ्यात ऊन नसायचं, तेव्हा शेगडीतल्या निखाऱ्यांवर चिमूटभर धूप, वर पालथी टोपली आणि टोपलीवर पसरलेले केस. त्या धुरात डोळे मिटून पडलेली माझी धाकटी आत्या मला अजून दिसते.

आत्याचा हा सोहळा महिन्यातून एकदा ठरलेला असे, चौथ्या दिवशी. आधीचे तीन दिवस ती मागच्या पडवीत बाजूला बसायची. त्या दिवसांत डोक्यावर पाणी घ्यायचं नाही आणि चौथ्या दिवशी न्हाल्यावाचून घरात यायचं नाही, असा दुहेरी नियम होता. आपल्या भाषेनंही हे दोन्ही एकत्र बांधून ठेवलंय. मुलीला पहिली पाळी आली की तिला 'न्हाण आलं', ती 'न्हातीधुती' झाली. पाळीचं नावच न्हाण, आणि त्याच दिवसांत न्हायला बंदी.

हे सगळं आठवलं ते भाचीच्या फोनमुळे. ती पहिल्यांदाच वसतिगृहात राहायला गेलीय. जुलैची रात्र, साडेनऊ वाजलेले, बाहेर पाऊस, गिझर बंद पडलेला. "मावशी, पाळीचा दुसरा दिवस आहे. उद्या सकाळी तोंडी परीक्षा आहे आणि डोकं तेलानं चिकट झालंय. खोलीतली मुलगी म्हणते, आत्ता केस धुतलेस तर रक्त आत अडकेल, गर्भाशयाला थंडी बसेल. खरंय का?" तिचे केस कमरेपर्यंत आहेत. प्रश्न एकच वाटतो, पण त्यात तीन प्रश्न गुंतलेत: पाळीचा, गार पाण्याचा आणि रात्रीचा. गुंता सोडवायचा तर एकेक बट वेगळी घ्यायला हवी.

पहिली बट पाळीची. रक्त येतं ते शरीरातलं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक खाली उतरतं म्हणून. गर्भाशयाचं जाड झालेलं अस्तर त्याच्या आधारावर टिकून असतं. आधार गेला की ते सुटू लागतं आणि दोन ते सात दिवसांत बाहेर पडतं. टाळूवर ओतलेल्या पाण्याला हा हुकूम थांबवता येत नाही. गार पाण्यानं कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, अंगावर काटा येतो. ओटीपोटाच्या आतली ऊब मात्र शरीर जपून ठेवतं. गर्भाशयाला थंडी बसत नाही, रक्त आत अडकत नाही.

मग ही समजूत आली कुठून? मला वाटतं, त्यामागे डोळ्यांनी पाहिलेलं काहीतरी असावं. बाई नदीत कंबरभर पाण्यात उभी राहिली की बाहेरच्या पाण्याच्या दाबानं स्राव तेवढ्यापुरता थोपतो. पाण्याबाहेर आली की पुन्हा सुरू होतो. पाहणारीनं पाहिलं ते खरंच होतं, पण थोपणं हे थांबणं नव्हे. पाळी खरोखर महिनोन् महिने येत नसेल, किंवा तासातासाला पॅड भिजत असेल, तर डॉक्टरांकडे जायला हवं. अशा वेळी 'त्या दिवशी केस धुतले होते ना' असं म्हटलं की खरं कारण शोधायचं राहून जातं, हा या समजुतीतला मोठा धोका.

दुसरी बट गार पाण्याची. पाळीत पोटात कळ येते, कारण प्रोस्टाग्लँडिन नावाच्या द्रव्यांमुळे गर्भाशयाचा स्नायू आवळतो. ओटीपोटावर शेक घेतला की तो सैलावतो, हे तपासून पाहिलेलं सत्य आहे. म्हणजे कढत पाण्याचा आग्रह चूक नव्हता. गार पाण्यानं अपाय होत नाही, फक्त कळ येत असताना ते नकोसं वाटतं.

या बटेत एक खरा केसही आहे, आणि तो पोटाचा नाही, डोक्याचा आहे. आत्या न्हाली की हमखास अर्धं कपाळ धरून पडायची. घरातले म्हणत, 'डोक्यात पाणी मुरलं.' पाणी कवटीत मुरत नाही. पण मुंबईचे डोकेदुखीतज्ज्ञ डॉ. के. रविशंकर यांनी २००६ मध्ये ९४ भारतीय रुग्णांची निरीक्षणं प्रसिद्ध केली. त्या साऱ्यांची अर्धशिशी डोक्यावरून अंघोळ केल्यावर उठत होती. त्यात पाळीच्या सुमारास इस्ट्रोजेन उतरतं, तेही काही जणींत अर्धशिशी जागवतं. ज्या बाईला हे दोन्ही लागू आहे, तिनं त्या दिवसांत न्हाणं पुढे ढकललं तर ती शहाणीच. आत्याची तक्रार खरी होती. चूक झाली ती एवढीच की एकीचा अनुभव साऱ्याजणींचा नियम झाला.

तिसरी बट रात्रीची. सर्दी होते विषाणूमुळे, ओल्या केसांतून ती जन्मत नाही. तरी गारठ्याचा काहीच वाटा नाही, असंही म्हणवत नाही. २००५ साली कार्डिफमध्ये काही जणांना वीस मिनिटं गार पाण्यात पाय बुडवून बसवलं. पुढच्या चार-पाच दिवसांत त्यांतल्या सुमारे १४ टक्के लोकांनी सर्दी झाल्याचं सांगितलं. न बुडवणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे ६ टक्के होतं. नाकात विषाणू आधीच दबा धरून असेल तर गारठा त्याला वाट देत असावा, असा संशोधकांचा तर्क होता.

रात्रीच्या नियमातलं पक्कं सत्य मात्र केसांबद्दल आहे. केस पाणी पितो, फुगतो, त्याची आतली वीण सैलावते. ओला केस कोरड्यापेक्षा जास्त ताणला जातो आणि सहज तुटतो. तसाच वेणीत आवळला किंवा रात्रभर उशीवर घासला तर सकाळी त्याचे तुकडे दिसतात. टाळू तासन् तास दमट राहिली तर कोंड्याच्या बुरशीचं फावतं, केसांना कुबट वास येतो. म्हणून रात्री न्हायला हरकत नाही, ओलं झोपायला आहे.

मी भाचीला म्हटलं, "खुशाल धू. इलेक्ट्रिक किटलीत दोनदा पाणी तापव आणि बादलीतल्या गार पाण्यात मिसळून कोमट कर. केस चोळू नकोस, जुन्या सुती टी-शर्टनं टिपून घे. पंख्याखाली बस, रुंद दातांच्या फणीनं खालून वर गुंता काढ. वेणी घालू नकोस. तुझ्या केसांना दोन तास लागतील. तोवर उजळणी कर."

फोन ठेवल्यावर ती पडवी आठवली. बंब होता घरात, न्हाणीघरात. बाजूला बसलेल्या आत्याला त्या उंबऱ्याच्या आत येता येत नव्हतं. तीन दिवस कढत पाणी तिच्यापासून दहा पावलांवर होतं, आणि आम्ही मात्र गर्भाशयाला थंडी बसेल म्हणत होतो. खरं तर पाणी बाधत नव्हतं, ते तिच्यापर्यंत पोचत नव्हतं.

साडेअकराला भाचीचा फोन आला. "वाळले, मावशी. झोपू?"

मी म्हटलं, "मानेजवळ दोन बोटं घालून बघ आधी."

थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "मुळाशी ओल आहे गं अजून."