पान केवढ्याला पडतं?

स्वस्तात मिळालेल्या वस्तूचा अभिमान माणसाला फार असतो. तीन हजार सहाशे रुपयांना प्रिंटर घेऊन मी घरी आलो, तेव्हा जिना चढताना शेजारच्या नानांना त्याची किंमत मी आपण होऊनच सांगितली. त्यांनी विचारली नव्हती.

प्रिंटर घेण्याला कारण झाली आई. तिला शेकड्यांनी ओव्या येतात. काचबिंदूने तिची नजर उतरू लागली, तेव्हा ती एकदा सहज म्हणाली, "माझ्या मागे हे सारं जाणार बघ." मराठीचा प्राध्यापक म्हणवून घेणाऱ्याला एवढे वाक्य पुरे असते. ती सांगणार, मी टंकणार, आणि तिला स्वतःला वाचता येईल अशा मोठ्या, ठसठशीत अक्षरांत पाने छापून तिच्या हाती देणार, असे ठरले. पाने साधारण एकशे चाळीस होणार होती, आणि माझ्या बहिणी, मावश्या, भाच्या मिळून प्रती हव्या होत्या बारा.

यंत्राबरोबर आलेली शाईची डबी, म्हणजे कार्ट्रिज, पन्नास-साठ पानांतच आटली. मला वाटले, यंत्रच बिघडले. मागाहून कळले की नव्या यंत्राबरोबर पुष्कळदा कमी शाईची डबी देतात. पाहुण्यापुढे अर्धा कप चहा ठेवावा तशी. दुसरी काळी डबी आणली ती आठशे चाळीस रुपयांना. म्हणजे अशा चार डब्या घेतल्या की जवळजवळ यंत्राची किंमत झाली! तरीही माझा अभिमान डळमळला नव्हता. तो डळमळवला आमच्या कॉलेजच्या हेडक्लार्कने. मी किंमत सांगताच तो शांतपणे म्हणाला, "ते असू दे सर. पान केवढ्याला पडतं?"

स्कूटर घेताना आपण आधी "ॲव्हरेज किती देते?" म्हणून विचारतो. प्रिंटर घेताना हा प्रश्न मला सुचला नव्हता. त्या रात्री डबीचे खोके शोधून काढले. त्यावर बारीक अक्षरांत एकशे वीस पाने असे छापले होते. आठशे चाळीसला एकशे वीसने भागा. पानाला सात रुपये फक्त शाईचे. कागदाचे रीम तीनशेला पाचशे, म्हणजे कागद साठ पैशांचा आणि त्यावरची शाई सात रुपयांची!

पण तेही खरे नव्हते. खोक्यावरचा आकडा खोटा नसतो. तो ठरावीक नमुन्याची पाने एकामागून एक छापून, आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे मोजलेला असतो. दोन यंत्रांची तुलना करायला तो उत्तम. मात्र नमुन्याची पाने म्हणजे आपली पाने नव्हेत. माझ्या पानावर आईसाठी घेतलेली जाड अक्षरे, वर प्रत्येक शब्दाला शिरोरेघ. पुढची डबी घातली तेव्हा रोजनिशीत प्रत्येक पानाची एकेक रेघ ओढत गेलो. चौऱ्याऐंशीव्या पानावर अक्षरे फिकी पडली. बरोबर दहा रुपये पान.

आणि इथेच एक गोष्ट घडली, ती सांगायला मला आजही बरे वाटत नाही. आई छापलेले पान डोळ्यांजवळ धरून वाची आणि म्हणे, "इथं 'बंधुजी' नाही रे, 'बंधवा' हवं. आणि ह्याच्या खाली आणखी एक आठवली." म्हणजे ते पान पुन्हा छापणे आले. पूर्वी मी आनंदाने छापत असे. दहा रुपयांचा आकडा कळल्यापासून मी म्हणू लागलो, "आई, आता शेवटचं हं. नंतर बदलू नकोस." पंधरवड्यात आईने चुका काढणे थांबवले. पान हातात घेऊन "छान झालंय" म्हणू लागली. मला वाटले, मजकूर बिनचूक होत चालला आहे. सौभाग्यवतीने मला एका बाजूला घेतले. "अहो, त्यांना आठवतंय सगळं. मला सांगतात स्वयंपाकघरात. तुमची शाई संपते म्हणून तुम्हाला सांगत नाहीत."

दुसऱ्या दिवशी हेडक्लार्कला घेऊन दुकानात गेलो. त्याने मला टाकीचा प्रिंटर दाखवला. यात डबी नसते. पुढच्या अंगाला चार रंगांच्या चार पारदर्शक टाक्या असतात आणि बाटलीतून त्यांत शाई ओतायची. किंमत बारा हजार चारशे! पण काळ्या शाईची पासष्ट मिलिलिटरची बाटली चारशे रुपयांची, आणि तिच्यावर आकडा होता साडेचार हजार पानांचा. म्हणजे पानाला नऊ पैसेसुद्धा नाहीत. पहिल्या बाटलीतली काही शाई नळ्या भरण्यातच जाते, आणि माझी अक्षरे जाड. म्हणून मी तीनच हजार पाने धरली. तरी तेरा-चौदा पैसे.

दोन यंत्रांच्या किमतीत फरक आठ हजार आठशेचा. पानामागे वाचणार नऊ रुपये शहाऐंशी पैसे. म्हणजे सुमारे नऊशे पानांनंतर महागडे यंत्र स्वस्त ठरणार. बारा प्रतींचीच पाने सोळाशे ऐंशी. डबीच्या हिशेबाने ती शाई सोळा हजार आठशेची झाली असती.

चोखंदळ वाचक म्हणतील, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे दोन रुपये पानाने का नाही काढल्या? बरोबर आहे. पक्का मजकूर एकदाच काढायचा तर तोच मार्ग स्वस्त. ज्याला महिन्याकाठी दहाच पाने लागतात, त्याचा माझ्यासारखा फरक फिटायला सात वर्षांवर काळ जाईल. त्याने टाकीच्या वाटेला जाऊच नये. मला हवी होती ती पुन्हा पुन्हा चुकण्याची सोय.

टाकीलाही तिचे दुखणे आहेच. मे महिन्यात पाच आठवडे गावी राहून आलो, तो अक्षरांच्या मधून पांढऱ्या रेघा. शाई सोडणारी छिद्रे केसाहून बारीक. यंत्र बसून राहिले की त्यांत शाई सुकते. माझ्या जुन्या यंत्राच्या डबीत ही छिद्रे डबीलाच होती, म्हणून नव्या डबीबरोबर नवी छिद्रे येत. टाकीच्या यंत्रात ती यंत्रालाच जडलेली; बदलायची तर मोठा खर्च. यंत्राला तपासणीचे पान काढायला सांगितले, तर त्यावरच्या रेघांच्या जाळीत मधूनमधून खिंडारे. सफाईचा हुकूम दिला, पुन्हा पान काढले, पुन्हा सफाई. तिसऱ्या खेपेला जाळी अखंड आली, पण टाकीतली शाई डोळ्यांदेखत उतरली होती. सफाईत वाहून गेलेली ही शाई यंत्राच्या तळाशी असलेल्या बोळ्यात मुरते, आणि तो भरला की यंत्र अडून बसते. म्हणजे सफाई हा काही रोजचा उपाय नव्हे.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी एक पान काढायचे ठरले आहे. काळ्याबरोबर बाकीचे तीन रंगही वाहते राहावेत, म्हणून मुलीने कोपऱ्यात एक रंगीत रांगोळी काढून दिली आहे. पान आईकडे जाते. ती ते उजेडात धरते, बराच वेळ ओठांतल्या ओठांत पुटपुटते, आणि मग म्हणते, "तिसऱ्या ओळीत चुकलास बघ."

बारा प्रती अजून निघायच्याच आहेत. पाने मात्र एकशे त्र्याण्णव झाली.