सालन, बॉलपेन आणि पांढरा शर्ट

शाळेच्या पांढऱ्या शर्टाचे आमच्याकडे दोनच जोड असतात. शुक्रवारी मुलगा त्याच शर्टात शाळेतून थेट जुम्म्याच्या नमाजला जातो. त्यामुळे डाग निघाला नाही तर शर्ट बाजूला टाकून चालत नाही. डाग कशाचा आहे हे ओळखल्याशिवाय मी पाण्याला हात लावत नाही, कारण प्रत्येक डागाचे औषध वेगळे आहे.

गेल्या आठवड्यात एकाच शर्टावर दोन डाग आले. खिशाला बॉलपेनची शाई आणि पोटावर डब्यातले सालन.

सुरुवात शाईपासून केली. बॉलपेनची शाई तेलकट असते, ती पाण्याने निघत नाही, स्पिरिटने सुटते. कोरड्या शर्टाच्या आत जुने फडके ठेवले आणि स्पिरिटात भिजवलेल्या कापसाने डाग वरून टिपला. घासला नाही, घासल्याने शाई पसरते. फडक्यावर निळे उतरले की फडके आणि कापूस दोन्ही बदलले. हे काम चुलीपासून दूर करावे, स्पिरिट लगेच पेट घेते. जेल पेनची शाई मात्र याने पूर्ण निघेलच असे नाही. कापूस तीनदा कोराच राहिला तर थांबावे.

सालनात तेल आणि हळद दोन्ही असतात. हळदीचा रंग तेलात मुरलेला असतो, म्हणून आधी तेल काढावे लागते. डागावर पाणी न लावता भांडी घासायचे लिक्विड चोळले, दहा मिनिटे ठेवले आणि कोमट पाण्याने धुतले. साबण लागताच डाग लाल होतो. शेजारच्या भाभी ते पाहून घाबरल्या होत्या, पण हळदीचा तो गुणच आहे, खळबळल्यावर ती पुन्हा पिवळी होते. मग ऑक्सिजनवाली डागांची पावडर पाकिटावरच्या मापाने कोमट पाण्यात घालून शर्ट तासभर भिजवला आणि ओलाच कडक उन्हात टाकला. हळदीचा रंग उन्हात उडतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा ओला करून वाळवला, तेव्हा पिवळेपणा गेला.

इस्त्रीआधी वाळलेला शर्ट उजेडात धरून पाहते. गडद ठिपका दिसला तर तेल उरले आहे. त्यावर इस्त्री फिरली की डाग पक्का बसतो.

दूध किंवा अंडे सांडले असेल तर गरम पाणी वापरू नये, ते कापडावर शिजून चिकटते. तिथे थंड पाणीच. रंगीत पँट किंवा सलवारवर ब्लीच कधीच नको, आणि पावडरसुद्धा आधी आतल्या शिवणीवर लावून रंग जातो का ते पाहावे. पांढऱ्यावर ब्लीच वापरलेच तर सिरका किंवा दुसरे काही त्यात मिसळू नये, विषारी वायू निघतो.