कांदा पाच रुपये, पण कोणत्या ओळीने?

भांडुप पश्चिमेच्या एका इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या बारावीतल्या मुलीने शेजारच्या काकांना, म्हणजे प्रस्तुत लेखकाला, मोबाइलवर एक स्क्रीनशॉट पाठवला. एनसीईआरटीच्या गणिताच्या पुस्तकातला निश्चयकांच्या प्रकरणातला प्रश्न होता. चार किलो कांदे, तीन किलो गहू आणि दोन किलो तांदूळ मिळून 60 रुपये. दोन, चार, सहा किलो घेतले तर 90. आणि सहा, दोन, तीन किलोंचे 70. प्रत्येकाचा किलोचा भाव काढा, मॅट्रिक्सच्या पद्धतीने. (पुस्तकातले भाव भांडुप स्टेशनबाहेरच्या भाजीवाल्याला ऐकवू नयेत.)

काका दिवसभर ऑफिसात पायथन लिहितात, म्हणून मुलीला उत्तर नमपायमधून पडताळायचं होतं. कोड छोटाच.

```python
import numpy as np
A = np.array([[4, 3, 2],
              [2, 4, 6],
              [8, 2, 3]])
b = np.array([60, 90, 70])
x = np.linalg.solve(A, b)
print(x)
print(np.allclose(A @ x, b))
```

पडद्यावर आलं `[ 3.57142857 10.85714286  6.57142857]` आणि खाली `True`. मुलीच्या वहीत मात्र 5, 8, 8 होतं. तिला वाटलं, आपलंच चुकलं असणार, संगणक थोडाच चुकेल?

खरं तर `True` एवढंच सांगतो, की टाइप केलेल्या मॅट्रिक्सचं उत्तर बरोबर आहे. ती मॅट्रिक्स पुस्तकातलीच आहे का, हे त्याला ठाऊक नसतं. आलेले भावही विचित्र नव्हते. साडेतीन रुपये कांदा, पावणेअकरा रुपयांचा गहू असं काहीही गणितात चालून जातं.

मग कागद-पेन्सिल घेऊन पडताळा सुरू झाला. अट एकच: आकडे कोडमधून उचलायचे नाहीत, स्क्रीनशॉटमधल्या वाक्यांतून घ्यायचे. पहिल्या वाक्याची बेरीज जुळली, 60. दुसऱ्याची 90. तिसऱ्यात सहा किलो कांद्यांचे 21.43, गव्हाचे 21.71, तांदळाचे 19.71, एकूण 62.86. हवे होते 70. तूट 7.14 रुपयांची.

ही तूटच बोलकी होती. 3.57 ची दुप्पट 7.14, म्हणजे बरोबर दोन किलो कांद्यांचे पैसे. तिसऱ्या ओळीत कांद्याच्या जागी कोडमध्ये दोन किलो जास्त लिहिले गेले होते. स्क्रीनशॉट मोठा करून पाहिला तेव्हा दाबून धूसर झालेल्या चित्रातला 6 काकांना 8 वाटला होता, हे उघड झालं. 8 चा 6 केला आणि `[5. 8. 8.]` आलं.

हाताने व्यस्त मॅट्रिक्स काढायची तर आधी निश्चयक, जो राज्य मंडळाच्या दहावीत क्रेमरच्या पद्धतीत भेटतो, फक्त दोन ओळींचा. इथे तीन ओळी: 4(12 − 12) − 3(6 − 36) + 2(4 − 24). पहिलं पद शून्य, दुसरं 90, तिसरं उणे 40. एकूण 50. शून्य नाही, तेव्हा उत्तर एकच. `np.linalg.det(A)` वर हेच मागितलं तर कधी कधी 50 च्या शेवटच्या दशांशात किंचित फरक दिसतो, कारण ते दशांश आकड्यांत भागाकार करत जातं. वहीतल्या पूर्णांकांना तो त्रास नाही.

पडताळ्याचा आणखी एक सोपा मार्ग त्या संध्याकाळी सापडला. `A @ x` ऐवजी `A * x` लिहिलं तर नमपाय तक्रार करत नाही, पण गुणाकार मॅट्रिक्सचा होत नाही, प्रत्येक रकान्याला त्या वस्तूचा भाव लागतो. परीक्षेत ही चूक ठरेल. इथे मात्र पहिली ओळ `20 24 16` अशी आली, म्हणजे कांदे, गहू, तांदूळ यांचं वाण्याचं बिलच. ओळीची बेरीज 60 आली की झालं. हे बिल मुलीला बेरजेपेक्षा जास्त पटलं.

दुसऱ्या दिवशी तिच्या मैत्रिणीचं उत्तर आलं: कांदा 26, गहू 8, तांदूळ उणे 10.

"काका, तांदूळ नेला तर वाणीच पैसे देणार?"

मैत्रिणीने ओळी रकान्यांत उभ्या भरल्या होत्या: `[4, 2, 6]`, `[3, 4, 2]`, `[2, 6, 3]`. आठ किलो कांद्यांची चूक निमूटपणे खपून गेली असती. ही मात्र उणे भावानेच पकडून दिली. `np.linalg.solve(A.T, b)` केलं आणि तिच्याही पडद्यावर 5, 8, 8 आले.