तीन ओळी, तीन निवडी, आणि फोन एकच!

अहो, कॉल एका सिमवरून, मेसेज दुसऱ्या सिमवरून आणि नेट आपल्याला हव्या त्या सिमवरून, असं चालतं! एकाच फोनमध्ये, एकाच वेळी! चाकण एमआयडीसीतल्या आमच्या लाइनवर निम्म्या लोकांच्या फोनमध्ये दोन सिम आहेत, एक गावाकडून आणलेलं किंवा घरचं, दुसरं कंपनीनं दिलेलं, आणि बहुतेकांची समजूत माझ्यासारखीच होती की वरच्या खाचेतलं सिम म्हणजे मुख्य आणि खालचं म्हणजे जादा. तसं मुळीच नाही. खाच कुठलीही असो, कुठलं काम कुठल्या सिमनं करायचं हे आपण सांगायचं असतं, आणि त्यासाठी सेटिंग्जच्या एकाच पानावर बहुधा तीन वेगळ्या ओळी असतात.

माझा नवा फोन वेगळ्या कंपनीचा आहे. जुन्या फोनमध्ये बोटांना पाठ झालेला रस्ता इथे सापडेना. पण सेटिंग्जच्या अगदी वर भिंगाचं चिन्ह असतं. त्यात नुसतं SIM टाइप केलं आणि सरळ हवं ते पान उघडलं! हे समजल्यावर मेनूची नावं पाठ करायची गरजच उरत नाही. तरी कुणाला रस्ता हवाच असेल तर सांगतो. सॅमसंगमध्ये Connections आणि त्याच्या आत SIM manager. साध्या अँड्रॉइडमध्ये Network & internet आणि त्यात SIMs. शाओमीच्या बऱ्याच फोनांत SIM cards & mobile networks. आयफोनमध्ये मोबाइल नेटवर्कच्या पानावर Default Voice Line असते, आणि तीच निवड साध्या मेसेजलाही लागू होते.

आता खरी गंमत. ते पान उघडल्यावर मला दिसलं काय, तर दोन्ही सिमना एकाच मोबाइल कंपनीचं नाव! घरचंही तेच, ऑफिसचंही तेच. कुठलं कुठलं, कसं ओळखणार? लाइनवरचा लातूरचा पोरगा हसून म्हणाला, "काका, एक सिम थोडा वेळ बंद करून बघा." बटण सरकवलं, वरच्या पट्टीतल्या दोन सिग्नलपैकी एक गायब झाला, बायकोच्या फोनवरून माझ्या दोन्ही नंबरांना रिंग दिली, आणि लगेच कळलं की बंद झालं ते घरचं. मग सिमच्या नावावर बोट ठेवून नाव बदललं, एकाला 'ऑफिस', दुसऱ्याला 'घर'. बऱ्याच फोनांत रंगही बदलता येतो. बाकी सगळं करण्याआधी हे करा, कारण पुढे प्रत्येक ठिकाणी फोन तेच नाव दाखवतो. डायल करताना दोन हिरवी बटणं आली की कुठलं दाबायचं हा गोंधळच राहत नाही.

मग तीन ओळी. कॉलसाठी मी 'ऑफिस' निवडलं, कारण दिवसभर व्हेंडर आणि स्टोअरशी बोलणं चालू असतं आणि घरचा नंबर भोसरीपासून तळवड्यापर्यंत सगळ्यांकडे जाऊ द्यायचा नाही. इथे 'दर वेळी विचारा' असाही पर्याय असतो, ज्याला दोन्हीकडून सारखे कॉल करायचे त्याला तो उत्तम. मेसेजसाठी 'घर'. नेटसाठीही 'घर', कारण डेटाचा पॅक त्यावरच आहे. काही फोनांत मेसेजची वेगळी ओळच नसते. तिथे मेसेजच्या ॲपमध्ये, लिहायच्या चौकटीजवळ सिमचं छोटं चिन्ह असतं, ते दाबून बदलायचं.

मेसेज कोण पाठवतो आता, असं तुम्ही म्हणाल. मीही कुणाला पाठवत नाही. पण फोन पाठवतो! यूपीआयचं ॲप नव्या फोनवर सुरू करताना ते बँकेत नोंदवलेल्या नंबरावरून स्वतःच एक एसएमएस सोडतं, अगम्य अक्षरांचा. तो एसएमएस बँकेकडच्या नंबराशी जुळला तरच खातं जोडलं जातं. ॲप सिम निवडायला सांगतं तेव्हा तिथे खातं ज्या नंबरावर आहे तेच सिम हवं, आणि त्यावर एसएमएस जाण्याइतका पॅक किंवा शिल्लक हवी. सिम रिचार्जविना पडून असेल तर पडताळणी पुन्हा पुन्हा फसते आणि माणूस ॲपला दोष देत बसतो. फसली तर मेसेजच्या ॲपमध्ये जाऊन बघा. तो विचित्र मेसेज 'पाठवला नाही' असा लाल दिसला, तर गडबड सिमची आहे.

व्हॉट्सॲपला मात्र या तिन्ही ओळींशी देणंघेणं नाही! ते नेटवर चालतं, नेट कुठल्याही सिमचं असो, समोरच्याला नंबर तोच दिसतो ज्यावर ते नोंदवलंय. आमच्यातल्या कितीतरी जणांना वाटत होतं की नेटचं सिम बदललं की व्हॉट्सॲपचाही नंबर बदलेल.

एवढं सेट करून मी दुचाकीवर नकाशा लावून निघालो आणि तळेगाव चौकाजवळ ऑफिसचा कॉल कानातल्या इयरफोनवर आला. कॉल चालू, आणि नकाशा थिजलेला! कारण ऐका, हे फार भारी आहे. अशा बहुतेक फोनांत दोन्ही सिम वाट बघत जागी असतात, पण एकावर बोलणं सुरू झालं की दुसऱ्याचं काम थांबतं. माझं बोलणं 'ऑफिस'वर, नेट 'घर'वर, म्हणून नेट गेलं. कॉल संपला की आपोआप परत आलं. यावर उपाय त्याच पानावर खाली असतो, नेट आपोआप बदलण्याचं बटण. सॅमसंगमध्ये त्याला Auto data switching म्हणतात, आयफोनमध्ये Allow Mobile Data Switching. ते चालू केलं तर कॉल चालू असताना नेट कॉलच्या सिमवरून येतं. पण त्या सिमवर डेटाचा पॅक हवा! नसेल तर काही मिळणार नाही, किंवा शिल्लक रक्कम कापली जाईल. ऑफिसच्या सिमवर थोडाच डेटा आहे, म्हणून मी रस्त्यावर असतानाच ते बटण चालू ठेवतो.

यातूनच मला रिचार्जचाही हिशोब लागला. 2024 च्या डिसेंबरमध्ये ट्रायनं मोबाइल कंपन्यांना सांगितलं की फक्त कॉल आणि एसएमएसचेही पॅक द्या, आणि पुढच्याच महिन्यात ते आले. नेट आपोआप बदलण्याचं ते बटण वापरायचं नसेल, तर नेटसाठी एक सिम ठरलं की दुसऱ्याला डेटाचा पॅक घ्यायचं कारण राहत नाही.

सगळं बरोबर बसलंय का, हे तपासणं सोपं आहे. वायफाय बंद करा आणि वरच्या पट्टीत बघा, 4G किंवा 5G आणि बारीक बाण ज्या सिग्नलजवळ आहेत ते नेटचं सिम. घरातल्या कुणाला रिंग द्या आणि एक साधा मेसेज पाठवा, त्यांच्या फोनवर कुठला नंबर उमटतो ते विचारा.

लातूरच्या पोराच्या खोलीवर बिहारचा एक मुलगा राहतो. त्याचं नेट काही केल्या चालेना. सिम बिहारचं, नेटसाठी निवडलेलं तेच, पॅकही भरलेला. त्या सिमच्या पानावर आत गेलो तर रोमिंगचं बटण बंद. प्रत्येक सिमला ते वेगळं असतं, एकाचं चालू केलं म्हणून दुसऱ्याचं होत नाही! चालू केल्याबरोबर त्याच्या फोनवर आईचे सगळे फोटो धडाधड यायला लागले आणि तो म्हणाला, "भैया, अब दूसरा वाला भी देख लो."