शून्याचं स्थैर्य कोणाकडे जातं?

एका चलाचं समीकरण समोर आलं की मी आधी एक प्रश्न विचारतो: बाहेरचा आकडा, म्हणजे प्राचल, कितीही बदलला तरी शून्य ही समतोल अवस्था टिकून राहते का? उत्तर ‘हो’ असेल तर पुढचा प्रश्न स्थैर्याचा. शून्यापासून जरासं ढळल्यावर आपण तिथे परत येतो की दूर जातो? प्राचल बदलता बदलता शून्य अस्थिर झालं, तर ते स्थैर्य जातं कुठे, हे मला या विषयातलं सर्वांत सुंदर प्रकरण वाटतं.

गोनोरियासारखा रोग घ्या. तो बरा झाल्यावरही पुन्हा होऊ शकतो. लोकसंख्येतला बाधित हिस्सा I, संसर्गाचा दर β आणि बरं होण्याचा दर γ मानला, तर

dI/dt = βI(1 − I) − γI = (β − γ)I − βI²

बाहेरून कोणी रोग आणला नाही, तर I = 0 हा समतोल कायम राहतो. दुसरा समतोल I = 1 − γ/β. समजा आजार सरासरी 10 दिवस टिकतो, म्हणजे γ = 0.1. β = 0.08 असताना दुसरा समतोल −0.25 वर येतो. बाधितांचा हिस्सा उणे कसा असेल, म्हणून बरेच जण तो सोडून देतात. मी विद्यार्थ्यांना तो मुद्दाम काढायला लावतो, कारण पुढे येणारा तोच आहे. β वाढवत नेला की तो उजवीकडे सरकतो, β = 0.1 ला शून्यावर पोचतो आणि β = 0.125 ला 0.2 वर जातो. आता रोग मुक्काम करतो. पाचवा हिस्सा लोक कायम बाधित राहतात.

शून्यापाशी समीकरणाच्या उजव्या बाजूचा उतार β − γ आहे आणि दुसऱ्या समतोलापाशी बरोबर −(β − γ). उतार उणे म्हणजे स्थिर, अधिक म्हणजे अस्थिर. त्यामुळे दोघे एकमेकांतून पार होतात तेव्हा एकाचं स्थैर्य दुसऱ्याकडे जातं, आणि दोघांपैकी नाहीसा कोणीच होत नाही. x = βI आणि r = β − γ लिहिलं की dx/dt = rx − x² हे ट्रान्सक्रिटिकल द्विभाजनाचं प्रमाण रूप मिळतं.

उंबरठा जवळ आल्याची खूण म्हणजे परतीचा वेग मंदावणं. सुरुवातीला 10 टक्के बाधित असतील, तर β = 0.08 असताना 100 दिवसांनी सुमारे 1 टक्का उरतात. नेमक्या β = 0.1 ला मात्र 5 टक्के उरतात, कारण तिथे घातांकी घसरण संपते आणि 1/I दर दिवशी फक्त 0.1 ने वाढतो.

आता समीकरणाला डावं-उजवं सारखंच असेल तर? तारेचं उभं गोल कडं त्याच्या उभ्या व्यासाभोवती फिरतंय, त्यात एक मणी ओवलेला आहे आणि घट्ट तेलामुळे तो सावकाशच सरकतो. तळापासूनचा कोन φ धरला, तर φ बदलण्याचा वेग sin φ (λ cos φ − 1) च्या प्रमाणात असतो; इथे λ = Rω²/g. φ च्या जागी −φ घातला की फक्त चिन्ह उलटतं. त्यामुळे वर्गाचं पद येऊच शकत नाही आणि घनाचं पद उरतं: dx/dt = rx − x³. हे पिचफर्कचं प्रमाण रूप.

इथे शून्य आपलं स्थैर्य कोणा एकाला देऊ शकत नाही, कारण उजवीकडच्याला दिलं तर डावीकडच्यालाही द्यावंच लागतं. r धन होताच ±√r हे दोन नवे समतोल जन्मतात. शून्यापाशी उतार r, तर त्या दोघांपाशी −2r. वर्गमुळाचा परिणाम डोळ्यांना दिसतो: 10 सेंटिमीटर त्रिज्येचं कडं मिनिटाला साधारण 95 फेऱ्यांपर्यंत फिरवलं तरी मणी तळाशीच असतो, त्यापुढे वेग फक्त 1 टक्का वाढवला की तो 11 अंशांवर जाऊन बसतो.

घनाच्या पदाचं चिन्ह अधिक असेल, तर चित्र धोक्याचं होतं. तेव्हा r ऋण असतानाच ±√(−r) हे दोन अस्थिर समतोल शून्याला वेढून असतात आणि r वाढेल तसे जवळ येतात. r = 0 ला ते शून्यात मिळतात आणि प्रणाली थेट लांब उडी घेते. लांब गेल्यावर तिला −x⁵ हे पद आवरत असेल, तर r शून्याखाली आणूनही ती परतत नाही. −1/4 च्या खाली जावं लागतं.

खऱ्या प्रयोगात काटेकोर समरूपता नसते. फिरण्याचा अक्ष कड्याच्या केंद्रापासून किंचित बाजूला असला की समीकरणात एक छोटं स्थिर पद येतं: dx/dt = h + rx − x³. मग पिचफर्क तुटतो. एक फांदी सलग वर चढत जाते, दुसरी r = 3(h/2)^(2/3) ला वेगळीच उगवते. h = 0.002 इतका क्षुल्लक असला तरी ही किंमत 0.03 भरते. म्हणून मणी नेहमी एकाच बाजूला चढत असेल, तर मी वेग आणखी वाढवून त्याला हाताने दुसऱ्या बाजूला ढकलायला सांगतो. तो तिथे टिकला, तर दुसरी फांदी सापडली. तो कोणत्या वेगापासून टिकू लागतो हे मोजलं, की त्यावरून h काढता येतो.