योगदान की आश्वासन?

माझी भाची एम.एड. करतेय. तिनं आपल्या शोधनिबंधाची प्रस्तावना मला आंजीला वाचायला पाठवली. विषय आमच्या घरचाच: उर्दू माध्यमातली मुलं मराठी लिहिताना कुठं अडतात. शेवटी ‘या निबंधाचे योगदान’ म्हणून तीन कलमं होती. विद्यार्थ्यांच्या समस्यांचा सखोल अभ्यास केला आहे. नावीन्यपूर्ण उपाय सुचवला आहे. शिक्षकांना निबंध उपयुक्त ठरेल.

मी फोनवर विचारलं, “यातलं एखादं कलम चूक आहे असं कुणाला दाखवायचं असेल, तर तो काय तपासेल?” ती म्हणाली, “मामू, तपासण्यासारखं काहीच नाही यात.”

मग प्रत्येक कलमाला विचारत गेलो: नेमकं काय केलं आणि ते निबंधात कुठं आहे? तिनं पाचवीच्या ४० मुलांचं श्रुतलेखन तपासलं होतं. उर्दूत ळ आणि ण यांना अक्षर नाही, म्हणून मुलं ‘वेळ’चं ‘वेल’ करतात. उर्दू लिपीत जेर-पेश सहसा लिहीत नाहीत, म्हणून ऱ्हस्व इ-उ निसटतात. ‘सखोल अभ्यास’ म्हणजे प्रत्यक्षात हे होतं. पहिलं कलम असं झालं: ‘४० श्रुतलेखनांतील चुका ळ-ल, ण-न आणि ऱ्हस्व-दीर्घ अशा तीन प्रकारांत मोजून दिल्या आहेत (भाग ३, तक्ता १).’ आता वाचक तक्ता उघडून बेरीज करू शकतो.

दुसरं झालं: ‘ल-ळ जोडशब्दांचा दोन आठवडे सराव केलेल्या तुकडीच्या चुका, सराव न केलेल्या तुकडीच्या चुकांशी ताडून पाहिल्या आहेत (भाग ४).’ फरकाचा आकडाही त्याच ओळीत घालायला सांगितलं, कमी निघाला तरी.

तिसरं गाळलं. उपयुक्त आहे की नाही, हे वाचणारा शिक्षक ठरवेल. त्याऐवजी सरावाची शब्दयादी परिशिष्टात दिली आणि तेच कलम केलं. मध्येच तिनं ‘चुकांचे विश्लेषण केले’ असं चौथं जोडलं. पण तेही तक्ता १ कडेच बोट दाखवत होतं. दोन कलमांचा पुरावा एकच असेल, तर ते एकच कलम.

“‘असा अभ्यास पहिल्यांदाच’ असं लिहू का?” तिनं विचारलं. मी तिला पुण्याच्या एल-थ्री-क्यूब गटाचा २०२१ चा महासेंट निबंध दाखवला. मराठी ट्विटमधला भाव ओळखण्यासाठीचा तो विदासंच. त्यांनी नुसतं ‘पहिला’ म्हटलं नाही. मराठीतला, मोठा, सर्वांना खुला असा पहिला म्हटलं. सोबत सुमारे १६,००० ट्विट आणि सकारात्मक, नकारात्मक, तटस्थ असे तीन वर्ग सांगितले. याआधीचा तसा खुला संच कुणी दाखवला, तर दावा पडेल. भाचीनं मात्र आधीचे निबंध तेवढे धुंडाळले नव्हते, म्हणून ‘पहिल्यांदाच’ काढलं.

उरली तीन कलमं. प्रत्येकाच्या शेवटी कंसात त्याचा पुरावा कुठं आहे ते लिहिलेलं. चौथ्या भागाचा आकडा अजून भरायचाय. तिच्या वह्या तपासून व्हायच्या आहेत.