शिफारसपत्र आणि एकतीस तुकडे

गणित शिकवणाऱ्या माणसाला जे काही गद्य लिहावे लागते, त्यात शिफारसपत्र हा सर्वांत निर्जीव प्रकार आहे, असे मी बरीच वर्षे मानत आलो. माझ्या संगणकावर त्यासाठी एक फाईल होती. तिच्यात मेहनती, प्रामाणिक, तल्लख, अवघड उदाहरणांना न डगमगणारा अशी विशेषणे इंग्रजीत ओळीने मांडलेली होती. नाव बदलायचे, सर्वनामे बदलायची आणि पत्र धाडून द्यायचे. एकदा सर्वनामे बदलायची राहिली आणि एका मुलीच्या पत्रातील तिसऱ्या परिच्छेदात ती मुलगा झाली. पत्र गेल्यावर ते ध्यानात आले. तिला मी ते कधी सांगितले नाही.

ही फाईल मी गेल्या वर्षी पुन्हा उघडली. बारावीतील एका विद्यार्थिनीला ब्रिटनमधील विद्यापीठांत गणिताच्या पदवीसाठी अर्ज करायचा होता. तिथले अर्ज युकास नावाच्या सामायिक यंत्रणेतून जातात. शिक्षकाने लिहायच्या मजकुराला एकूण ४००० अक्षरांची मर्यादा असते, शब्दांमधील मोकळ्या जागाही त्यात धरतात, आणि विद्यार्थ्याला अंतिम परीक्षेत किती गुण मिळतील याचा अंदाजही सोबत द्यावा लागतो. माझी अडचण तिथेच होती. ही मुलगी संथ होती. सहामाही परीक्षेत तिने शेवटच्या दोन प्रश्नांना हातही लावला नव्हता, कारण आधीच्या एका प्रश्नात 'ही सीमा अस्तित्वात आहे का' या शंकेपाशी ती अर्धा तास थांबली होती. प्रश्नात सीमा फक्त काढायला सांगितली होती. तिच्याविषयी 'तल्लख' लिहिले असते, तर गुणांच्या अंदाजाने ते खोटे पाडले असते. 'मेहनती' लिहिले असते, तर वाचणाऱ्याने त्याचा अर्थ 'बेताची' असा घेतला असता. शिफारसपत्रांच्या भाषेत विशेषणांचे भाव असे घसरलेले आहेत.

तेव्हा मी फाईल मिटली आणि या मुलीविषयी मला नेमके काय ठाऊक आहे, ते एका कागदावर लिहू लागलो. आठवला तो अकरावीच्या पहिल्या सत्रातील एक तास.

त्या तासाला मी वर्गाला एक जुने, प्रसिद्ध उदाहरण दिले होते. वर्तुळाच्या परिघावर काही बिंदू घ्यायचे, प्रत्येक बिंदू दुसऱ्या प्रत्येकाशी जीवेने जोडायचा, आणि वर्तुळाचे जास्तीत जास्त किती तुकडे होतात ते मोजायचे. एका बिंदूला १, दोनांना २, तीनांना ४, चारांना ८, पाचांना १६. सहा बिंदूंना किती, असे विचारून मी फळ्यापाशी उभा राहिलो. वर्गात चाळीस मुले होती. बहुतेकांनी आकृती न काढताच ३२ लिहिले. काहींनी आकृती काढली, ३१ मोजले, एखादा तुकडा नजरेतून सुटला असेल असे समजून ते खोडले आणि ३२ लिहिले. हिच्या वहीत दोन आकृत्या होत्या. एकीखाली ३० आणि दुसरीखाली ३१ असे आकडे होते. ३२ कुठेच नव्हते.

मी म्हणालो, "अगं, दोन वेगळी उत्तरे कशी?"

ती म्हणाली, "सर, दोन्ही तीनतीनदा मोजलीत. पहिल्यात बिंदू सारख्या अंतरावर घेतले होते. मधोमध तीन रेषा एकाच ठिकाणी भेटतात, म्हणून एक तुकडा जातो. पण बत्तीस काही होत नाहीत."

उत्तर ३१ हेच आहे. सुसम षट्कोनात मधले तीन कर्ण एकसंपाती असतात, म्हणून तिथे ३० येतात. त्या दिवशी मला तिचे कौतुक वाटले, पण त्यातले मर्म पुढे कळले. चाळिसांपैकी कित्येकांनी डोळ्यांनी पाहिलेले ३१ अपेक्षेखातर खोडले होते. हिने ते तसेच राहू दिले, आणि अपेक्षा चुकीची असेल अशी शंका घेतली.

तरीही ही गोष्ट इथे संपली असती, तर पत्रात लिहिण्यासारखे फारसे नव्हते. नीट मोजणे हा गुण आहे, पण ते अजून गणित नव्हे. पुढच्या महिन्यात तिने सात बिंदूंची आकृती काढली आणि ५७ तुकडे मोजले. मग फरकांचा तक्ता मांडला: १, २, ४, ८, १६, ३१, ५७, त्याखाली लगतच्या संख्यांमधील फरक, त्याखाली फरकांचे फरक. चौथ्या पायरीला सगळीकडे १ आला. त्यावरून चौथ्या घाताची एक बहुपदी तिने तयार केली आणि आनंदाने मला आणून दाखवली. सूत्र बरोबर होते. मी शाबासकी दिली. तीच माझी चूक होती, कारण मी ज्याला शाबासकी दिली ती सिद्धता नव्हती.

दोन दिवसांनी मधल्या सुट्टीत ती पुन्हा आली. म्हणाली, "सर, पाच आकडे जुळले म्हणून सगळ्यांनी दुप्पट धरलं आणि ते चुकलं. मी सात आकडे जुळले म्हणून हे धरलंय. फरक काय झाला?"

मला वाटते, तिची वाढ मला दिसली ती या प्रश्नात. पहिल्या दिवशी तिने इतरांच्या अटकळीवर अविश्वास दाखवला होता. आता तिने स्वतःच्या, आणि शिक्षकाने मान्य केलेल्या, अटकळीवर तोच अविश्वास दाखवला. पहिले जमणारे विद्यार्थी दरवर्षी दोनचार भेटतात. दुसरे क्वचित.

पुढचे तीन आठवडे ती अडकलेली होती. एक गोष्ट तिने स्वतः शोधली: नवी जीवा काढताना ती वाटेत जितक्या जीवांना छेदते, त्याहून एक जास्त तुकड्याचे दोन भाग करते. म्हणजे एकूण तुकडे म्हणजे मुळातला एक, अधिक जीवांची संख्या, अधिक छेदनबिंदूंची संख्या. पण छेदनबिंदू मोजायचे कसे, तिथे गाडी थांबली. ती प्रत्येक आकृतीत ते बोटाने मोजत होती. शेवटी मी एक प्रश्न विचारला: "दोन जीवा एकमेकींना छेदतात, तेव्हा परिघावरचे किती बिंदू कामी येतात?" ती 'चार' म्हणाली आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी तिने आणलेले पान माझ्याजवळ आहे. परिघावरचे कोणतेही चार बिंदू घ्या. त्यांच्या दोन-दोनच्या जोड्या तीन तऱ्हांनी लागतात, पण त्यांपैकी एकाच तऱ्हेत जीवा वर्तुळाच्या आत छेदतात. म्हणून जितक्या वेळा चार बिंदू निवडता येतात, तितके छेदनबिंदू. सहा बिंदूंतून दोनांची निवड १५ प्रकारे होते आणि चारांची निवडही १५ प्रकारे होते. १ + १५ + १५ = ३१. खाली तिने अट घातली होती: तीन जीवा एका बिंदूत भेटत नसतील तरच. ती अट तिला त्या पहिल्या ३० तुकड्यांच्या आकृतीने शिकवली होती. समासात आणखी एक टीप होती: दहा बिंदूंना २५६ तुकडे होतात, म्हणजे दोनचा घात पुन्हा येतो, पण दुपटीच्या हिशेबाने तिथे ५१२ हवे होते. 'कुणी एवढंच पाहिलं तर पुन्हा फसेल', असे तिने लिहिले होते.

कागदावर हे सगळे उतरल्यावर पत्रात काय लिहायचे, हा प्रश्न मिटला आणि काय गाळायचे, हा उभा राहिला. चार बिंदूंचा प्रश्न मी विचारला होता. तो गाळला असता तर सिद्धता पूर्णपणे तिची दिसली असती. तो मी लिहिला. मदत कुठे संपली आणि तिचे काम कुठे सुरू झाले, हे सांगितल्याशिवाय वाचणाऱ्याला तिची उंची मोजता येणार नव्हती. तीन तऱ्हांपैकी एकच चालते, हे तिला कुणी सांगितले नव्हते, आणि हे वाक्य मला विश्वासाने लिहिता आले ते आधीचे कबूल केल्यामुळेच. सहामाहीतले कोरे सोडलेले दोन प्रश्नही मी लिहिले, आणि ती कशापाशी थांबली होती तेही.

अशा पत्राची दोन प्रसिद्ध टोके आहेत. १९४८ साली रिचर्ड डफिन यांनी जॉन नॅशसाठी प्रिन्स्टनला पाठवलेले पत्र जेमतेम काही ओळींचे होते, आणि हा तरुण गणितातला प्रतिभावंत आहे हेच त्याचे सार होते. लिहिणाऱ्याच्या शब्दाला वजन असेल तरच असे पत्र चालते. दुसरे टोक रामानुजनचे. जानेवारी १९१३ मध्ये त्यांनी हार्डींना लिहिले तेव्हा सोबत स्वतःची प्रमेये जोडली होती, आणि हार्डींनी पारख केली ती त्या प्रमेयांवरून. माझ्यासारख्या, केम्ब्रिजला कुणी नावाने ओळखत नसलेल्या शिक्षकाला पहिली वाट बंद आहे. त्याने दुसऱ्या वाटेनेच जावे, मग प्रमेय कितीही लहान असो.

या पानावरचे वाचक साहित्याचे आहेत, त्यांना हे नवीन वाटणार नाही. एखाद्या कवितेला 'उत्कट' म्हणणारा समीक्षक आपल्याला फक्त स्वतःविषयी सांगत असतो. दोन ओळी उद्धृत करून त्यांत काय घडते ते दाखवणारा कवितेविषयी सांगतो. गणिताच्या शिफारसपत्रात अवतरणाची जागा उदाहरण घेते, आणि त्या अवतरणात विद्यार्थ्याचे अडखळणे वगळून चालत नाही.

पत्राची सत्ता किती, याविषयी माझा भ्रम नाही. निर्णयात गुणांचा वाटा मोठा असतो, आणि काही विद्यापीठे गणितासाठी स्वतंत्र प्रवेश परीक्षाही घेतात. त्या परीक्षांतही घड्याळ असते. पत्र पाठवण्याआधी तिने एकच विचारले होते: "सर, ते तक्त्याचं लिहिलंत का? ते चुकलं होतं." मी म्हटले, "लिहिलंय. माझीही शाबासकी चुकली होती, तेही लिहिलंय." ती थोडी विचारात पडली आणि म्हणाली, "मग ठीक आहे."

ती जुनी फाईल अजून संगणकावर आहे. पुढच्या महिन्यात तीन मुलांची पत्रे लिहायची आहेत. त्यांपैकी एकाविषयी मला कोणताही तास आठवत नाही, आणि त्याचा दोष त्या मुलाचा नाही.